नातवंडांचा हिशेब
(शिबिरातील भाषणाचा मजकूर)



मागे वस्तीतल्या बैठकीत एक आजी म्हणाल्या, "कमी होऊ द्यात मुली. आपोआप त्यांची किंमत वाढेल, निसर्गच बघून घेईल." मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. आज देते.

निसर्ग असा तोल सांभाळतो, हे खरं आहे. कसा, ते रोनाल्ड फिशर या इंग्रज शास्त्रज्ञाने १९३० साली मांडलं. समजा, एखाद्या जातीच्या प्राण्यांत १०० नर आणि ५० माद्या आहेत, आणि त्यांना ३०० पिल्लं झाली. प्रत्येक पिल्लाला आई एक, बाप एक. म्हणजे दर मादीमागे सरासरी ६ पिल्लं, दर नरामागे ३. मग नातवंडं कोणाला जास्त? जिला लेकी झाल्या तिला. लेकी जास्त होण्याचा तिचा कल रक्तातून पुढे उतरत असेल, तर तो पिढ्यान्‌पिढ्या पसरतो आणि माद्या वाढतात. त्या जास्त झाल्या की हिशेब उलटतो. बरोबरी झाली की कोणत्याच बाजूला फायदा उरत नाही.

पण ही बरोबरी डोक्यांची नाही, खर्चाची आहे. एक नर वाढवायला दोन माद्यांइतकं खाणं लागत असेल, तर एका नरामागे दोन माद्या असताना तोल साधतो. नराची पिल्लं दुप्पट, खर्चही दुप्पट. एकूण गुंतवणूक लेकींवर आणि लेकांवर सारखीच.

याला अपवाद आहेत. उंबराच्या फळातले किडे पाहा. भाऊ-बहिणींचं मीलन फळातच होतं, म्हणून थोडे नर पुरतात आणि आई मुख्यतः माद्याच जन्माला घालते.

आता आजींच्या बोलण्याकडे येऊ. माणसांत निवड न करता जन्म झाले, तर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागे मुली होत्या ८९४. ही तूट रक्तातल्या कलाने आलेली नाही. सोनोग्राफीच्या यंत्राने आणि घरातल्या निर्णयाने आली आहे. म्हणून निसर्गाचा तोल ती भरून काढायला येणार नाही. शिवाय फिशरच्या हिशेबात लेकीचं मूल आणि लेकाचं मूल सारखं मोजलं जातं. आपल्याकडे लेकीचं मूल 'त्यांच्या घरचं' असतं. हिशेबाची अर्धी वहीच आपण फाडून टाकली आहे.

आणि किंमत? दर मादीमागे पिल्लं वाढली, एवढंच ते गणित सांगतं. मादीला मान मिळाला, असं कुठे सांगतं? हरियाणात मुली कमी झाल्या, तेव्हा दुसऱ्या राज्यांतून पैसे मोजून बायका आणल्या गेल्या. तिथे त्यांना 'मोलकी' म्हणतात, म्हणजे विकत आणलेली. आजी, किंमत वाढली ती अशी.