ट्रॅक्टर की द्राक्षबाग? पलूसच्या दहा लाखांचा हिशोब

आज मी आपल्या पलूसकडचाच एक प्रश्न घेऊन आलोय. धरून चाला, एका घरात दहा लाख रुपये आहेत. थोरला म्हणतो, ट्रॅक्टर घेऊ, नांगरट-रोटर भाड्याने मारू आणि सीझनला कारखान्याला ऊस ओढू. धाकटा म्हणतो, दोन एकर द्राक्षबाग लावू. पैसे एकदाच आहेत, म्हणजे दोन्ही जमणार नाही. आकडे मी हिशोबासाठी गोल धरलेत, खर्च वजा जाऊन हातात उरणारे.

ट्रॅक्टरला पहिल्या वर्षापासून काम मिळतं. पाच वर्षांत 5, 4, 3, 2 आणि 1 लाख. का घटतं? दुरुस्ती वाढते, आणि तोवर गावात आणखी चार ट्रॅक्टर आलेले असतात. बागेचं उलटं आहे. आधी खुंटरोप, मग कलम, मग मांडवावर वेल चढवायचा. पहिल्या वर्षी 0, दुसऱ्या वर्षी 1, मग 4, 6 आणि 8 लाख.

पारावर बसलेली माणसं पहिला प्रश्न विचारतात, "पैसे कधी वसूल होणार?" हाच पेबॅक पिरियड. ट्रॅक्टरचे 2 वर्षं 4 महिन्यांत सुटतात, बागेला 3 वर्षं 10 महिने लागतात. थोरला जिंकला! पण या मोजपट्टीला वसुलीनंतरचं काहीच दिसत नाही. बागेचे 8 लाख जिथं येतात, तिथं ती बघायचीच थांबलेली असते.

आता निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही. पैसा 10 टक्क्यांनी मिळत असेल, तर आजचा 1 लाख म्हणजे पुढच्या वर्षीचे 1 लाख 10 हजार. मग उलट्या दिशेने भागत यायचं. पाचव्या वर्षीचे 8 लाख आजच्या भावात जेमतेम 4.97 लाख होतात. सगळी वर्षं अशी आजच्या भावात आणून बेरीज करायची आणि घातलेले 10 लाख वजा करायचे. ट्रॅक्टरचे उरतात 2.09 लाख, बागेचे 2.90 लाख. इथं धाकटा पुढे.

मोबाईलवर शीटमध्ये करायचं असेल तर B1 मध्ये -10 आणि B2 ते B6 मध्ये पाच वर्षांचे आकडे टाका:

```
=NPV(0.10,B2:B6)+B1
=IRR(B1:B6)
```

B1 कंसाच्या बाहेर आहे, हे नीट बघा. हे सूत्र पहिला आकडा एक वर्षानंतरचा समजतं. आजचे 10 लाख आत टाकले, तर तेही भागले जातात आणि उत्तर चुकतं.

दुसरी ओळ आयआरआरची, म्हणजे अंतर्गत परतावा दर. ज्या व्याजदराला एनपीव्ही बरोबर शून्य होतो, तो दर. ट्रॅक्टरचा साधारण 20 टक्के, बागेचा 17. म्हणजे आयआरआर परत थोरल्याच्या बाजूने! खरं कोणाचं मानायचं?

मी एनपीव्हीचं मानतो. आयआरआरची टक्केवारी ट्रॅक्टरवर खूश होते, कारण तो पैसा लवकर परत देतो. पण आलेले पैसेही पुढे 20 टक्क्यांनीच वाढतील, असं त्यात गृहीत असतं. एवढं व्याज देणारी ठेव पलूसच्या पेठेत मला तरी दिसलेली नाही.

तरी धाकट्यानेही लगेच फटाके लावू नयेत. दर बदलून बघा. 14 टक्क्यांच्या आसपास दोन्हीचा एनपीव्ही जवळजवळ सारखा होतो. त्याच्या खाली बाग, वर ट्रॅक्टर. पैसे घरचे किंवा स्वस्त कर्जाचे असतील तर बाग. 18 टक्क्यांचं कर्ज काढलं असेल, तर ट्रॅक्टर 40 हजार राखतो आणि बाग 26 हजारांनी तोट्यात जाते. म्हणून "कुठला धंदा भारी" याच्या आधी "पैसा किती टक्क्यांचा आहे" हे विचारायचं. पाच वर्षांनंतर जुना ट्रॅक्टर विकला जातो आणि बागही उभी असते. ते आकडे मी इथं सोडलेत. तुम्ही धरणार असाल तर दोन्हीकडे धरा.

आता पावसाचं. 2019 ला ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर आला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळीने बागा धुतल्या. फळछाटणीनंतर असा पाऊस लागला की डाऊनी येतो, घड कुजतात. समजा, आपल्या बागेला चौथ्या वर्षी 6 ऐवजी 1 लाखच मिळाला. दर 10 टक्केच धरला तरी बागेचा एनपीव्ही उणे 52 हजार होतो. एका पावसाने! ट्रॅक्टरचं ते अख्खं वर्ष बुडालं तरी 70 हजारांवर शिल्लक राहते, कारण त्याचे मोठे पैसे आधीच घरात आलेले असतात. त्यामुळे थोरल्याचा "कधी वसूल होणार" हा प्रश्न मी पूर्ण टाकून देत नाही. धाकट्याने बागेचा हिशोब दोनदा मांडावा, एकदा चांगल्या पावसाचा आणि एकदा चौथं वर्ष असं वाया घालवून. आणि प्लॅस्टिक आच्छादन घ्यायचं असेल तर त्याचा खर्च सुरुवातीच्या 10 लाखांत मिळवून मगच सूत्र चालवावं.