एका बैठकीत तीन मजकूर, तीन नियमावल्या

मी कोलकात्यात राहून मराठी मजकुरांचं संपादन करते. आज एकाच प्रश्नाबद्दल बोलू या. एका दिवसात, एकाच बैठकीत, एकमेकांशी संबंध नसलेले तीन मजकूर साफ करायचे असतील, तर प्रत्येकातले शब्द आणि मांडणी एकसारखी कशी ठेवायची?

समजा, पहिला मजकूर इथल्या एका मराठी मंडळाचा वार्षिक अहवाल आहे. दुसरा कोर्टातल्या एका अर्जाचा मराठी अनुवाद. तिसरा सखाराम गणेश देउस्कर यांच्यावरचा लेख. हे मराठी घराण्यातले बंगाली लेखक. त्यांचं ‘देशेर कथा’ 1904 साली निघालं आणि 1910 मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली.

आता शहराचं नाव घ्या. 2001 पासून शहर अधिकृतपणे कोलकाता झालं. अहवालात सगळीकडे ‘कोलकाता’ हवं, ‘कोलकाता महानगरपालिका’ही. पण उच्च न्यायालयाने नाव बदललेलं नाही. म्हणून अर्जात पत्ता ‘कोलकाता’ आणि न्यायालय मात्र ‘कलकत्ता उच्च न्यायालय’. विद्यापीठही कलकत्ता विद्यापीठच आहे. देउस्करांवरच्या लेखात 1904 चं शहर ‘कलकत्ता’, आणि जुन्या मजकुरातलं अवतरण असेल तर त्याला हातच लावायचा नाही.

म्हणजे तिन्ही मजकूर आपापल्या जागी बरोबर आहेत, पण नियम तीन आहेत. धोका इथेच असतो. तासभर अहवालात ‘कलकत्ता’चं ‘कोलकाता’ केलं की हाताला सवय लागते, आणि पुढच्या फाइलमध्ये न्यायालयाचंही नाव बदललं जातं. वाचताना ते खटकत नाही, कारण नवीन शब्द दिसायला नीटच असतो. अर्जात मात्र संस्थेचं नाव मूळ कागदाशी जुळलं नाही, तर तो अर्ज दुरुस्तीसाठी परत येऊ शकतो.

म्हणून मी प्रत्येक फाइलसाठी वेगळं अर्ध्या पानाचं शैलीपत्रक करते. त्यात फक्त निर्णय असतात: शहराचं नाव कुठे कसं, ‘देउस्कर’ की ‘देऊसकर’, आकडे 1904 की १९०४, तारीख कशी, उपशीर्षक कोणत्या स्टाइलमध्ये. शेजारी निर्णयाचं कारण लिहायचं, एका ओळीत. कारण लिहिलेलं असलं की तो नियम चुकून दुसऱ्या फाइलवर लावला जात नाही. फाइल बदलताना आधीचं पत्रक मिटवून ठेवायचं, नवीन पत्रक वाचायचं आणि मगच पहिली ओळ.

शेवटी शोध घ्यायचा, आणि इथे मराठीची खास अडचण येते. ‘कलकत्ता’ शोधलंत तर ‘कलकत्त्यात’, ‘कलकत्त्याहून’ सापडत नाहीत, कारण प्रत्यय लागताना शब्दाचं रूप बदलतं. म्हणून न बदलणारा तुकडाच शोधा: ‘कलक’ आणि ‘कोलका’. आणि ‘सर्व बदला’ दाबू नका. एकेक सापडलेली जागा बघा: शहर, संस्था की अवतरण? पंधरा-वीस जागा बघायला काही मिनिटं लागतात.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘ॲ’ हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी साठवलेलं असू शकतं: एकसंध अक्षर म्हणून (U+0972), किंवा ‘अ’ आणि अर्धचंद्र असे दोन तुकडे जोडून (U+0905, U+0945). अनेक फॉन्टमध्ये दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध एकालाच पकडतो. ‘ॲड्व्होकेट’ हा शब्द अर्जात बारा वेळा असून शोधात सातच सापडले, तर हे कारण आधी तपासा. तीच गोष्ट ‘दुसऱ्या’मधल्या ‘ऱ्या’ची. हा बदल मात्र एकदम, सगळीकडे करता येतो, कारण शब्द तोच राहतो, फक्त त्याची साठवण एकसारखी होते. मला वाटतं, तो शोधाच्या आधी करावा, नाहीतर पुढचे शोध अपुरे राहतात.

मांडणीबद्दल थोडंच. उपशीर्षक हाताने ठळक करू नका, त्याला स्टाइल लावा. एका फाइलमधला परिच्छेद दुसरीत घ्यायचा तर फक्त मजकूर चिकटवा, मांडणी नको. नाहीतर अहवालाचं अक्षर अर्जात शिरतं आणि छापल्यावरच कळतं.

एक मर्यादा सांगायला हवी. शैलीपत्रक तुम्ही ठरवलेलंच पाळून घेतं. ठरवलेलं बरोबर आहे का, ते सांगत नाही. न्यायालयाचं नाव न्यायालयाच्या कागदावरूनच घ्यायचं, माणसाचं नाव त्याच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून. ते एकदा बघून पत्रकात लिहिलं की, त्या दिवशी त्या फाइलसाठी तो प्रश्न संपला.