तासाची साठ मिनिटे कोणी ठरवली?



मी शाळेत गणित शिकवतो. मागे एका मुलीने मला विचारले, "सर, माझी मावशी नागपूरला असते. तिच्याकडच्या मशिदीच्या वेळापत्रकात जोहरची वेळ आपल्या मुंबईपेक्षा पंचवीस मिनिटे आधी सुरू होते. देश एक, घड्याळ एक, मग हा फरक कशाचा?" प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर शोधताना आपण थेट चार हजार वर्षे मागे, आजच्या इराकमध्ये जाऊन पोहोचतो.

आधी फरकाचा हिशेब करू. सूर्य माथ्यावरून ढळला की जोहरची वेळ सुरू होते. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे तासाला १५ अंश, आणि एका अंशाला ४ मिनिटे. दक्षिण मुंबईचे रेखांश सुमारे ७२ अंश ५० कला, नागपूरचे सुमारे ७९ अंश ५ कला. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. वजाबाकी करताना ५ मधून ५० जात नाहीत, म्हणून एक अंश उसना घ्यायचा आणि त्याच्या ६० कला करायच्या. ६५ मधून ५० गेले, राहिले १५. उत्तर ६ अंश १५ कला. सहा अंशांची २४ मिनिटे आणि १५ कलांचे, म्हणजे पाव अंशाचे, १ मिनिट. झाली पंचवीस मिनिटे. नागपूर पूर्वेला आहे, म्हणून तिथे सूर्य आधी माथ्यावर येतो.

आता गंमत बघा. अंशाचे भाग साठ आणि तासाचेही भाग साठ. हा योगायोग नाही. दोन्ही एकाच घरातून आले आहेत.

ते घर बाबिलोनचे. तिथले कारकून ओल्या मातीच्या पाट्यांवर बोरूने खुणा दाबून आकडे लिहीत. आपण दहा झाले की पुढच्या घरात एक लिहितो, ते साठ झाले की लिहीत. साठच का? याची बरीच उत्तरे सांगितली जातात, पण त्या पाट्यांवरून साठाचा एक उपयोग स्पष्ट दिसतो. त्यांना भागाकार करायचा नसे, ते गुणाकार करत. आठाने भागायचे असेल तर 'एकाचा आठवा भाग' पाठ केलेल्या कोष्टकातून घ्यायचा आणि त्याने गुणायचे. साठाचा आठवा भाग साडेसात. आजही आपण तासाचा आठवा भाग ७ मिनिटे ३० सेकंद असाच सांगतो. तिसरा भाग २०, चौथा १५, पाचवा १२, सहावा १०. सगळे पूर्ण. शंभराचा तिसरा भाग काढून बघा, ३३.३३३ करत बसावे लागेल. धान्य, मजुरी, जमीन वाटणाऱ्या कारकुनाला साठ हा आकडा का सोयीचा वाटला असेल, हे यावरून कळते.

पण साठ जादूचा नाही. सातने भागायला गेले की ८, ३४, १७ हेच आकडे पुन्हा पुन्हा येत राहतात, शेवट होत नाही. म्हणून त्यांच्या नेहमीच्या कोष्टकात सात नसे. दुसरी अडचण म्हणजे दशांशचिन्हासारखी खूण नव्हती. एकाची खूण १ असेल, ६० असेल किंवा साठावा भागही असेल. वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचे.

इथे एक गैरसमज दूर करतो. बाबिलोनच्या लोकांनी तासाची साठ मिनिटे केली, असे सर्रास लिहिले जाते. तसे नाही. त्यांनी दिवस-रात्र मिळून ३६० भाग केले होते, प्रत्येक भाग आपल्या चार मिनिटांचा. चोवीस तासांची परंपरा इजिप्तकडची, आणि तिथले तास ऋतूप्रमाणे लहानमोठे होत. मग साठ मिनिटे तासात आली कुठून?

ती आली आकाशाच्या गणितातून. बाबिलोनच्या ज्योतिर्विदांनी सूर्याच्या वार्षिक मार्गाचे तीस-तीस अंशांचे बारा भाग केले. ग्रीकांनी ते ३६० अंश घेतले. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमीने आपल्या मोठ्या ग्रंथात अंशाचे साठ भाग आणि त्या भागाचे पुन्हा साठ भाग करून सगळी कोष्टके बांधली. तो ग्रंथ अरबीत आला आणि 'अल-मजिस्ती' म्हणून ओळखला गेला. अरबीत पहिल्या साठाव्या भागाला 'दकीका' म्हणतात, म्हणजे बारीक. त्याच्या साठाव्या भागाला 'सानिया', म्हणजे दुसरा. आपण 'लासानी' म्हणतो ना, ज्याला दुसरा नाही असा? त्यातला 'सानी' हाच. लॅटिनमध्येही तसेच झाले: पहिला बारीक भाग आणि दुसरा बारीक भाग. त्यातूनच मिनिट आणि सेकंद हे शब्द आले.

ग्रहगणित करणारा माणूस कोनाचे साठ भाग करतो आणि लगेच त्या कोनावरून वेळ काढतो. मग तासाचेही तसेच भाग करणे ओघानेच आले. सुमारे इसवी सन १००० मध्ये अल-बिरूनीने ज्यू महिन्यांचा हिशेब देताना तासाची मिनिटे, सेकंद आणि त्याखालचेही साठावे भाग वापरले आहेत. त्या वेळी सेकंद दाखवणारे घड्याळ कुठे होते? सेकंद कागदावर आधी आला, घड्याळात कितीतरी नंतर. १६५६ मध्ये हायगेन्सने लंबकाचे घड्याळ केले. त्याआधीची घड्याळे दिवसाला पाव तासही चुकत. लंबकानंतर मिनिटकाट्याला अर्थ आला.

आपल्याकडे साठाची वेगळी मांडणी होती. पंचांगात तास नव्हे, अख्खा दिवसच साठाने भागतात: साठ घटका, घटकेची साठ पळे. एक घटका २४ मिनिटांची, म्हणजे पृथ्वीचे बरोबर सहा अंश. 'घटकाभर बस' म्हणताना आपणही साठाचाच हिशेब बोलत असतो.

हे मोडायचा प्रयत्नही झाला. फ्रान्सने १७९३ मध्ये दहा तासांचा दिवस आणि शंभर मिनिटांचा तास कायद्याने आणला. १७९५ मध्ये त्याची सक्ती थांबली. मीटर आणि किलो टिकले, शंभर मिनिटांचा तास टिकला नाही.

आता शेवटी त्या मुलीच्या वहीबद्दल. तिने घरी जाऊन हिशेब पुन्हा केला, पण मुंबईचे रेखांश कॅल्क्युलेटरवर ७२.५० असे दाबले आणि नागपूरचे ७९.०५. उत्तर ६.५५ आले, चाराने गुणल्यावर २६ मिनिटांहून जास्त. चूक कुठे, ते तिला दिसेना. मी म्हटले, "बेटा, ५० कला म्हणजे शंभरातले पन्नास नव्हेत, साठातले पन्नास. ५० ला ६० ने भाग." ७२.८३ आले. नागपूरच्या ५ कला ६० ने भागल्यावर ७९.०८. फरक ६.२५, आणि गुणिले चार, बरोबर २५.

अंश-कला किंवा तास-मिनिटे हातात आली की आधी एवढेच बघा: टिंबाच्या उजवीकडचा आकडा शंभरातला आहे की साठातला. मोबाईलच्या नकाशावर तुमच्या गावाचे रेखांश मिळतील. आज रात्री मुंबईशी त्याचा फरक काढा आणि उद्या मशिदीतल्या वेळापत्रकाशी ताडून बघा.