आठव्या दिवशी मोजलेलं बी
(ग्रामसंघांच्या खरीपपूर्व मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी मे संपत आला की आपल्या गटांच्या बैठकीत एकच मागणी जास्त येते, बियाण्यासाठी कर्ज. आणि खूपदा घरात कोपऱ्यात मागच्या वर्षीच्या सोयाबीनचं पोतं उभं असतं. ते उगवेल का नाही याचा भरवसा नसतो म्हणून नवीन पिशवी आणायची. आज तुम्हाला यावरच एक गोष्ट सांगणार आहे. गोष्टीत कुणाचं नाव घेत नाही, गाव कळमनुरी तालुक्यातलं समजा.

त्या गावात कृषी पदवीची एक विद्यार्थिनी आली. पहिलंच क्षेत्रकार्य. गावात राहायचं, शेतकऱ्यांबरोबर काम करायचं आणि वहीत रोज नोंद ठेवायची. ती राहिली एका आक्काकडे. आक्का गटाच्या सदस्य. दोन एकर रान, ओट्यावर निंबाचा पाला घालून ठेवलेलं सोयाबीनचं पोतं, आणि गटाकडं बियाण्याच्या कर्जाचा अर्ज. बैठक पुढच्या आठवड्यात होती. पोरगी म्हणाली, "आक्का, अर्ज कशाला? आधी उगवण बघू. मी दोन दिवसात सांगते."

आता तिनं काय केलं ते नीट ऐका. तिला घाई होती, म्हणून पोत्यातले १०० दाणे मोजून तांब्यात रात्रभर पाण्यात भिजत घातले. आपण मटकी घालतो अगदी तसे. सकाळी ते ओल्या फडक्यात बांधून ठेवले. तिसऱ्या दिवशी सोडलं तर काय? मोड आलेले फक्त ३४. बाकीचे टम्म फुगलेले, साल सुटलेले, मधून दोन फाकळ्या झालेले, हाताला बुळबुळीत, वर आंबूस वास. तिनं वहीत लिहिलं, उगवण ३४ टक्के, बियाणं बाद. आणि आक्काला सांगितलं की पोतं बाजारात घाला, पिशव्या घ्या.

आक्काचे मालक लगेच तयार. दुकानात गर्दी वाढायली होती, आभाळही दुपारी भरून यायचं. पण आक्का तिथंच बसून राहिल्या, ते दाणे बोटात घेऊन. म्हणाल्या, "माय, हे तर चिबडातल्या बियासारखं झालंय. पेरल्या पेरल्या मोठा पाऊस आला अन् रानात पाणी थांबलं की बी असंच सडतं. तव्हा आपण बियाला दोष देतो का?"

तायांनो, सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. मटकीची साल जाड आणि दाणा बारका, ती पाणी हळूहळू घेते. सोयाबीनची साल पातळ असते. उन्हाळ्यात वाळून खडखडीत झालेला दाणा एकदम पाण्यात टाकला की तो पाणी झपाझप ओढतो. आतली डाळ एका बाजूनं फुगते, दुसरी बाजू अजून कोरडीच, म्हणून ती तडकते. आतला गोडवा पाण्यात उतरतो आणि त्यावर बुरशी धरते. शिवाय पाण्यात बुडालेल्या दाण्याला हवाही मिळत नाही. म्हणजे चांगलं, जिवंत बीसुद्धा असं भिजवलं तर मरू शकतं. म्हणून उगवण तपासायला असो की पेरायला, सोयाबीन भिजत घालायचं नाही. जिवाणू संवर्धक चोळतानासुद्धा पाण्याचा हात बेतानं, आणि सावलीत सुकवून लगेच पेरायचं.

पण पोरीपुढं प्रश्न राहिला, की बी खरंच खराब होतं का तिच्या पद्धतीनं मेलं? हे नुसतं बोलून ठरत नाही. त्याला एकच उपाय. एकाच पोत्यातलं बी दोन्ही पद्धतींनी लावायचं आणि शेजारी शेजारी ठेवायचं. दोन्हीकडं सारखंच मेलं तर दोष बियाचा. भिजवलेलंच मेलं तर दोष भिजवण्याचा.

मग तिनं पुन्हा मांडणी केली. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ मूठ बी काढलं आणि एकत्र केलं. वरचं वरचं घेऊ नका, तळाला दमट झालेलं बी असतं. आणखी एक, निवडून टपोरे दाणे घेऊ नका. जसं पेरणार तसंच घ्या, नाहीतर आपणच आपल्याला फसवतो. त्यातून शंभर-शंभरचे तीन भाग कोरडे मोजले आणि चौथा भाग मुद्दाम रात्रभर भिजवला.

गोणपाटाचे चार तुकडे धुऊन ओले केले आणि पिळून काढले. पाणी निथळत नाही पण हात लावला तर गार, ओलसर लागतं, एवढीच ओल. त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, दोन दाण्यांत बोटभर जागा. वरून दुसरं ओलं गोणपाट, मग दोन्ही मिळून सैल गुंडाळी आणि दोन टोकांना सुतळी. ठेवायचं कुठं? उन्हात किंवा पत्र्याखाली नाही, आपल्याकडं मे महिन्यात तिथं बी उकडून निघेल. आक्कांनी गुंडाळ्या माठाच्या मागं सावलीत ठेवल्या. सकाळ-संध्याकाळ वाळलं वाटलं तर पाण्याचा हबका, बस.

आता खरी परीक्षा आली. पोरगी दुसऱ्या दिवशीच सुतळी सोडायला बसली. आक्का ओरडल्या, "कशाला उघडायलीस? भाकरी तव्यावर टाकली की दर घडीला उलथत असतात का?" उघडलं की ओल उडते, निघालेलं कोंब मोडतं, आणि मोजायला हाती काहीच येत नाही. सोयाबीनची पहिली मोजणी पाचव्या दिवशी आणि शेवटची आठव्या दिवशी करायची असते, प्रयोगशाळेतही तसंच करतात. पण इकडं बैठक आली होती. पोरीनं बैठकीत सांगितलं, "अजून चार दिवस आहेत, आज मी काहीच सांगू शकत नाही." अर्ज पुढच्या बैठकीवर ठेवला. आक्काचे मालक रागावले, दुकानातला माल संपेल म्हणाले. मला वाटतं, त्या दिवशी ते "सांगू शकत नाही" म्हणणं तिला सगळ्यात जड गेलं असेल.

पाचव्या दिवशी कोरड्या तीन भागांत ५४, ५१ आणि ५५ रोपं. आठव्या दिवशी ६६, ६३ आणि ६६. तीनही आकडे जवळजवळ आले हे महत्त्वाचं, फार अंतर असतं तर पुन्हा करावं लागलं असतं. बेरीज १९५, तिनानं भागलं तर ६५. भिजवलेल्या चौथ्या भागात आठव्या दिवशीही फक्त ३७. एकाच पोत्यातलं बी!

मोजायचं कसं हेही लक्षात ठेवा. नुसता मोड दिसला म्हणजे रोप नाही. तूर-हरभऱ्याची डाळ मातीतच राहते, पण सोयाबीन आपली दोन्ही दळं मानेवर घेऊन मातीतून वर येतं. मान मोडलेली, मूळ खुंटलेलं किंवा दळं सडलेलं असेल तर ते रानात वर येणार नाही, ते मोजायचं नाही. पोरीनं पहिल्यांदा ७१ मोजले होते. आक्कांनी मानमोडे पाच बाजूला काढले, मग राहिले ६६.

सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण कमीत कमी ७० टक्के असावी लागते. आक्काची ६५. म्हणजे बाद नाही, पण थोडं जास्त पेरावं लागेल. ७० टक्क्यांना एकरी ३० किलो धरतात. ३० ला ७० नं गुणा, २१०० झाले. त्याला ६५ नं भागा, साधारण ३२ किलो ३०० ग्रॅम आलं. दोन एकराला ६० च्या ऐवजी ६५ किलो. पोत्यात तेवढं होतं. उगवण साठच्याही खाली गेली तर मात्र हा हिशेब करत बसू नका. तसं बी निघतं तेही अशक्त निघतं, मी तर ते पेरा म्हणणार नाही.

कुणी विचारेल, घरचं बी का पेरायचं? सोयाबीनमध्ये फुलाचं परागण त्याच फुलात होतं, म्हणून वाण सहसा बिघडत नाही, घरचं बी दोन-तीन वर्षं चालतं. अडचण वाणाची नसते, साठवणीची आणि काढणीची असते. २०१९ मध्ये परतीच्या पावसात उभं आणि गंजीतलं सोयाबीन भिजलं होतं, आणि २०२० च्या खरिपात मराठवाड्यात बी उगवलं नाही म्हणून तक्रारींचा ढीग लागला. त्या तक्रारी विकतच्या पिशव्यांच्याही होत्या. म्हणून पिशवी आणली तरी त्यातले १०० दाणे गोणपाटात घालाच. पावती, पिशवी, तिच्यावरचं लेबल आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत जपून ठेवा, तक्रार करायची वेळ आली तर तालुका कृषी कार्यालयात हेच विचारतात.

पुढं आक्कांनी काय केलं? पाऊस चांगला ७५ ते १०० मिलिमीटर होईपर्यंत थांबल्या. शेजारच्या रानात पहिल्याच सरीवर तिफण चालली होती, तरी थांबल्या. बी दोन बोटांपेक्षा खोल जाऊ दिलं नाही. पोरीनं बांधाकडच्या एका तासात मोजून १०० दाणे हातानं टाकले. दहा दिवसांनी तिथं ५८ रोपं उभी होती. गोणपाटावर ६५ आणि रानात ५८, कारण रानात ढेकूळ आहे, पपडी आहे, पाखरं आहेत. गोणपाट फक्त बियाचा जीव सांगतं, रानाचं सांगत नाही. हा फरक तिनं वहीत लिहिला, आणि वरचा ३४ चा आकडा खोडला नाही, त्याच्यासमोर "भिजवलेलं" एवढा शब्द घातला.

आक्कांच्या अर्जावर पुढच्या बैठकीत चर्चा झाली. त्यांनी बियाण्याचं कलम काढून टाकायला सांगितलं आणि खतापुरती रक्कम ठेवली. त्याच बैठकीत दोघीजणी आपापल्या पोत्यातलं मूठभर बी पदराला बांधून आल्या होत्या.