शर्यतीआधीची वही

महालक्ष्मी रेसकोर्सवर एका घोड्याचा भाव एकास 4 आहे, असं समजा. 100 रुपये लावले आणि घोडा जिंकला, तर 400 नफा. म्हणजे तो 20 टक्के वेळा जिंकला तरच बरोबरी. तुमचा अंदाज 30 टक्क्यांचा. मग शर्यत सुटण्याआधीच वहीत भाव, टक्के आणि कारण लिहा: ‘मागच्या वेळी वाट अडली होती, आज पाठीवर 3 किलो वजन कमी.’ पेननंच लिहा. निकालानंतरची आठवण फार सोयीस्कर असते.

घोडा मानेच्या अंतरानं हरला. आता वही तपासा. वजन खरंच कमी होतं? सुटताना भाव एकास अडीचवर उतरला होता? तर बाजारालाही तुमच्यासारखंच वाटलं. हे बहुधा दुर्दैव. उलट वहीत नुसतं ‘जॉकी फॉर्मात’ असेल आणि भाव 6 वर चढला असेल, तर जिंकलेले पैसेही नशिबाचेच.

अर्थात एका शर्यतीवरून काही ठरत नाही. 30 टक्के लिहिलेल्या शंभरेक नोंदी साठल्या, की जिंकलेले घोडे मोजा. 18च निघाले, तर अंदाज फुगवलेले होते आणि एकास 4चा भाव तुम्हाला मुळात परवडतच नव्हता.