शीर्षकात धडा आधी

यूट्यूबवर दहावीच्या गणिताचा थेट वर्ग घेताय? शीर्षकाला 100 अक्षरांची मुभा असते, पण मोबाइलच्या यादीत लांब शीर्षकाचं शेपूट कापलं जातं. ‘नमस्कार मित्रांनो, आजचा लाइव्ह क्लास’ वाचून विद्यार्थ्याला काहीच कळत नाही. ‘वर्गसमीकरणे: सूत्र पद्धत, दहावी गणित’ असं लिहा, तुमचं नाव शेवटी. ‘लाइव्ह’ शब्दावर जागा घालवू नका, तो शिक्का यूट्यूब स्वतः लावतं. प्रवर्ग अर्थातच शिक्षणाचा. वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत कोणता सरावसंच सोडवणार आणि शंका किती वाजता घेणार ते सांगा, कारण पुढचा मजकूर उघडल्याशिवाय दिसत नाही. मुलं येऊन लगेच परतत असतील, तर शीर्षकातला धडा सुरू व्हायला उशीर होतोय का, ते पाहा.