जोत्याला लागून असलेला हातभर पट्टा
(मंद्रूप येथील पावसाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ज्यांच्या न्हाणीत या आठवड्यात वाणी निघाला त्यांनी हात वर करा, असं मी म्हणणार होतो. पण हात मोजत बसलो तर व्याख्यान राहून जाईल. तेव्हा थेट विषयावर येतो. वाणी, शंखी गोगलगाय आणि शेपटीला चिमटा असलेला तो काळपट चपटा किडा, ज्याला इंग्रजीत इअरविग म्हणतात, हे तिघं पावसाळ्यात घरात का शिरतात? आणि आपल्याकडे मृगापेक्षा उत्तरा-हस्तात जास्त का दिसतात?

सुरुवात मातीपासून करावी लागते. आपल्या भागातली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात कोरडवाहू रानात चालताना पाय जपून टाकावा लागतो, कारण भेगांत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. या भेगाच या प्राण्यांची उन्हाळ्यातली घरं. वर जमीन तापलेली असते, पण खाली दोन-तीन फुटांवर गारवा आणि थोडी ओल टिकून असते. वाणी तिथं वेटोळं करून पडून राहतो. गोगलगाय मातीत शिरते, शंखाच्या तोंडावर आपल्याच स्रावाचा पडदा ओढून घेते आणि महिनोन्‌महिने न खातापिता काढते.

पहिल्या एक-दोन पावसांनी फारसं बिघडत नाही. पाणी भेगांतून खाली जातं, ओल मिळते, प्राणी जागे होतात, रात्री वर येऊन पालापाचोळा खातात आणि परत खाली जातात. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेतला. वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा सप्टेंबरचा. तोवर माती फुगून भेगा बुजलेल्या असतात. काळ्या मातीत पाणी मुरतं हळू. त्यामुळे जोराच्या पावसात मातीच्या कणांमधली हवेची जागा पाण्यानं भरते आणि खाली असलेल्या जिवाला श्वास घ्यायला प्राणवायू कमी पडतो. खालचं बिऱ्हाड मोडलं की सगळे वर येतात. वर तरी कोरडी जागा कुठली? तर आपलं जोतं. मुरूम, दगड, विटा घालून उंच केलेलं, पाणी न साचणारं. म्हणजे घरात काही चांगलं आहे हे हेरून ते येतात असं नाही. बुडणाऱ्या मातीतून निघून उंचावर सरकताना वाटेत आपली भिंत येते. ते भिंतीला अंग घासत तिच्या कडेनं चालतात आणि पहिली फट दिसली की आत वळतात.

इथपर्यंत तिघांची गोष्ट एकच. आत आल्यावर मात्र प्रत्येकाचं नशीब वेगळं.

वाणी आधी घेऊ. कुणी त्याला वाणी म्हणतं, कुणी पैसा. काडी लावली की हा वेटोळं करून पडतो, आणि गोम असेल तर ती वळवळत पळते. एवढी खूण पुरे. फरक महत्त्वाचा आहे, कारण गोम चावते, वाणी चावत नाही. त्याला पाहा एकदा जवळून. अंगाच्या बहुतेक कड्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात, आणि चालताना त्या पायांतून मागून पुढं एक लाट सरकत जाते. घाईच नसते त्याला. वेटोळं झाल्यावर कड्यांच्या बाजूच्या छिद्रांतून तो एक द्रव सोडतो. बोटाला लागला तर कातडी तपकिरी होते आणि डाग काही दिवस राहतो. त्यात क्विनोन नावाची रसायनं असतात. डोळ्यात गेला तर चांगलीच आग होते, तेव्हा भरपूर पाण्यानं डोळा धुवायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं. काही लहान, चपट्या जातींना बदामासारखा वास येतो, त्यांच्या स्रावात हायड्रोजन सायनाइड असतं. माणसाला त्यापासून धोका नाही इतकं ते थोडं असतं, पण पायानं चिरडायची हौस नको.

या वाण्याची खरी अडचण त्याच्या कातडीत आहे. बहुतेक किड्यांच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो, तो आतलं पाणी धरून ठेवतो. वाण्याचा तो थर नीट बसलेला नसतो, आणि श्वासाची छिद्रं त्याला घट्ट मिटता येत नाहीत. म्हणून कोरड्या खोलीत तो एक-दोन दिवसांत वाळून मरतो. सकाळी केर काढताना भिंतीच्या कडेला कडक झालेली वेटोळी सापडतात ती यामुळेच. घर त्याच्यासाठी सापळा आहे. फक्त न्हाणी, मोरी आणि माठाखालची शहाबादी फरशी एवढ्या जागा त्याला मानवतात, आणि तो सापडतोही तिथंच.

मोठ्या संख्येनं वाणी निघणं हे काही आपल्याच नशिबी नाही. जपानात 1920 साली डोंगरातल्या एका रेल्वेमार्गावर इतके वाणी आले की गाड्या थांबवाव्या लागल्या. ती जात आठ वर्षांच्या चक्रानं प्रौढ होऊन एकदम बाहेर पडते, हे तिथल्या संशोधकांनी 2021 मध्ये तपशिलानं मांडलं. आपल्या वाण्याचं चक्र तसं नाही. आपल्याकडे त्याचं घड्याळ पाऊस आहे.

आता शंखी गोगलगाय. ही मूळची पूर्व आफ्रिकेची. मॉरिशसहून 1847 मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या शौकीन गृहस्थानं ती कलकत्त्याला आणली आणि बागेत सोडली. शौक त्याचा, आणि निस्तरतोय आपण. 2022 च्या खरिपात लातूर, बीड आणि शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात तिनं उगवत्या सोयाबीनची रोपं मुळाशी कुरतडून टाकली. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली, आणि सरकारला मदत जाहीर करावी लागली. रोपवाटिकेतल्या रोपांच्या मातीतून, शेणखतातून, ट्रॅक्टरच्या अवजारांना चिकटलेल्या ढेकळांतून ती गावोगाव पोचते.

घराकडे ती दुसऱ्याही कारणानं येते. तिला शंख वाढवायला चुना लागतो. रात्री बॅटरी घेऊन चुन्यानं रंगवलेल्या भिंतीजवळ जा. गोगलगाय भिंतीला चिकटून हळूहळू वर सरकताना दिसेल. तिच्या जिभेवर हजारो बारीक दात असतात, त्यांनी ती चुना खरवडून खाते. जिथं खरवडलं असेल तिथं बारीक ओरखड्यांचे पट्टे उमटतात, आणि शेजारी वाळलेल्या चिकट स्रावाची चकाकती वाट असते. सिमेंटचा गिलावाही तिला चालतो. म्हणजे जुन्या धाब्याच्या घराला चुना देणारा आणि नव्या बंगलीला गिलावा करणारा, दोघंही तिचं ताट वाढून ठेवतात.

हिच्या बाबतीत मात्र एक गोष्ट गांभीर्यानं घ्या. उंदरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका जंताची पिल्लं गोगलगायीच्या अंगात वाढतात. ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. म्हणून तिला उघड्या हातानं धरू नये. परसातली भाजी, विशेषतः मेथी-कोथिंबीर, पान न्‌ पान धुऊन घ्यावी. मुलांना शंखाशी खेळू देऊ नये.

तिसरा तो चिमटेवाला. तो कानात शिरून मेंदूत जातो हा समज युरोपातही जुना आहे आणि साफ खोटा आहे. त्याला दोन्ही बाजूंनी अंगाला टेकेल अशी अरुंद फट आवडते, एवढंच. शहाबादी फरशीचे उखडलेले सांधे, दाराच्या चौकटीमागची पोकळी, ओल्या पोत्याची घडी ही त्याची ठिकाणं. चिमटा बराचसा वाकडा असेल तर बहुधा नर, सरळ असेल तर मादी. मादी आईपण नेटानं करते. अंड्यांवर बसून राहते आणि त्यांना बुरशी लागू नये म्हणून चाटून साफ करते. काही जाती दिव्याकडेही येतात, त्यामुळे दारावरचा पांढरा दिवा रात्रभर जळत असेल तर पाहुणे वाढतात.

आता उपाय. औषध फवारायचं का, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. घरात फवारून फारसं हाती लागत नाही, कारण साठा बाहेर आहे. आतले मेले तरी उद्या रात्री दुसरे येतात, आणि मधल्या काळात औषध पोरांच्या तळहाताला लागतं ते वेगळं. मीठ टाकून गोगलगाय मरते हे खरं, पण परसातली माती खारवली तर तिथं मेथी येत नाही.

एक घर डोळ्यापुढं आणा. पश्चिमेच्या भिंतीला टेकून कडब्याची गंज. तिच्यापलीकडं तुराट्या आणि पाचट. गच्चीवरच्या टाकीचं पाणी भरून वाहतं ते त्याच बाजूला. मागच्या दाराखाली फट. या घरात न्हाणीत वाणी निघतात आणि घरधनी न्हाणीच्या जाळीला दोष देतो. खरी वाट शोधायची असेल तर रात्री झोपण्यापूर्वी प्रत्येक उंबऱ्यावर आणि जाळीभोवती रांगोळीची पातळ पट्टी टाका. सकाळी जिथं पट्टी विस्कटलेली दिसेल, ती वाट. अशा घरात ती बहुधा मागचं दार निघते. न्हाणी हा मुक्काम असतो, प्रवेश नव्हे.

दाराखालून साधी पेन्सिल आरपार गेली तर मोठा वाणीही जातो. रबराची पट्टी ठोकली की वाणी आणि गोगलगाय थांबतात. इअरविग चपटा, तो त्याहून बारीक फटीतून येतो, म्हणून चौकटीच्या आणि फरशीच्या सांध्यांत सिमेंट भरावं लागतं. पण यापेक्षा मोठं काम बाहेरचं आहे. जोत्याला लागून निदान हातभर रुंद पट्टा उघडा ठेवायचा. त्यात पाचट नको, विटांचा ढीग नको, कुंड्या नकोत, गवत नको. तिथं जाड खडी पसरली तर आणखी बरं, कारण तिच्यात पाणी थांबत नाही आणि पृष्ठभाग लवकर वाळतो. गंज भिंतीपासून दूर, दगडांवर रचायची. टाकीच्या ओव्हरफ्लोला पाइप जोडून पाणी दूर न्यायचं. एवढं केलं तरी हस्ताच्या मोठ्या झडीत एखाददुसरा वाणी येणारच. त्याला झाडूनं सुपलीत घ्या आणि उकिरड्यावर टाका. कुजका पाला खाऊन खत करणं हेच त्याचं काम, ते तो तिथं करील.

गोगलगायींना मात्र उकिरडा नको. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट परसात अंथरा. पहाटे ते उलटलं की खाली जमलेल्या दिसतील. हातमोजे किंवा चिमटा घेऊन त्या बादलीतल्या साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाका. मेल्यावर खोल खड्ड्यात पुरा, आणि बादलीतलं खारं पाणी झाडाबुडी ओतू नका. ती एका वेळी शंभरावर अंडी घालते, म्हणून कुंड्यांखालची, विटांखालची ओली माती उकरून पाहा. मोठ्या साबुदाण्याएवढी पिवळट अंडी पुंजक्यानं सापडली तर तीही त्याच खड्ड्यात जाऊ द्या. अंडी नुसती उकरून उन्हात पसरलीत आणि दुपारी सर आली, तर ती परत मातीत जातात. पोटऱ्यात ज्वारी येईपर्यंत हे गोणपाट रोज उलटावं लागेल.